पाचही वेळा एकच उत्तर आलं, तरी सायनला लिमिट नाही

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर भाचीबरोबर भेळ खात बसलो होतो. ती अकरावी सायन्सला आहे आणि सध्या कॉलेजात लिमिट चालू आहे. भेळेचा कागद मांडीवर ठेवून तिनं फोन माझ्यासमोर धरला.

"मामा, सर चुकले. मी पाच वेळा करून बघितलो."

स्क्रीनवर हे होतं:

```
sin(1000)     = -0.984807753
sin(10000)    = -0.984807753
sin(100000)   = -0.984807753
sin(1000000)  = -0.984807753
sin(10000000) = -0.984807753
```

हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी. नऊ दशांश स्थळांपर्यंत एकही आकडा हललेला नाही. आणि वर्गात तर सांगितलेलं की x अनंताकडे गेला तर sin x ला लिमिट नसते, पण sin x / x ची लिमिट मात्र शून्य असते. तिचं म्हणणं साधं होतं. जे एवढं घट्ट थांबलंय त्याला लिमिट नाही म्हणायचं, आणि खाली x लावला की लगेच लिमिट आली म्हणायचं, हा कुठला न्याय?

मी गणित शिकवतो, पण ते पाच आकडे बघून क्षणभर मीही गप्प झालो. फोन खोटं बोलत नव्हता. पाचही उत्तरं बरोबर होती. गोम दुसरीकडे होती. तिथपर्यंत जायला आधी सायन म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणावं लागतं.

## सायन म्हणजे पाळण्यातल्या खुर्चीची उंची

जत्रेतला आकाशपाळणा घ्या. मधला आस जिथं आहे ती उंची शून्य धरा आणि पाळण्याची त्रिज्या एक धरा. तुमची खुर्ची सुरुवातीला आसाच्या बरोबरीला, एका बाजूला आहे आणि पाळणा ती वर चढेल असा फिरतोय. पाळणा x अंश फिरला की तुमची खुर्ची आसापासून जितकी वर किंवा खाली असेल, तो आकडा म्हणजे sin x.

९० अंशांवर तुम्ही टोकाला पोचता, उंची १. १८० वर परत आसाच्या बरोबरीला, उंची ०. २७० वर एकदम तळाला, उंची -१. ३६० वर जिथून निघालात तिथंच. पुढे ४५० अंश म्हणजे एक फेरा आणि वर ९०, म्हणून परत टोक. x म्हणजे सुरुवातीपासून एकूण किती फिरलो त्याचा हिशोब. फेरा पूर्ण झाला म्हणून x परत शून्य होत नाही, तो वाढतच जातो.

"x अनंताकडे जातो" याचा अर्थ एवढाच, की पाळणावाला मोटर बंदच करत नाही. अनंत नावाचं कुठलं स्टेशन नाही, की तिथं पोचून खुर्ची किती उंचीवर आहे ते बघता येईल. म्हणून लिमिट म्हणजे "अनंताला गेल्यावर येणारी किंमत" अशी व्याख्या केली तर ती पहिल्याच पावलाला अडखळते. व्याख्या वेगळ्या तऱ्हेनं करावी लागते, आणि ती समजायला कोल्हापूरकराला फार लांब जायला नको.

## पाणी उतरलं, असं कधी म्हणायचं?

पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्याची पातळी घराघरात तोंडपाठ असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. समजा एका संध्याकाळी पातळी ३८ वर आली. नदीकाठचा माणूस, जो सामान हलवून पाहुण्यांकडे राहिलाय, तो लगेच घरी परततो का? नाही. तो विचारतो, "आता परत चढणार नाही न्हवं?" कारण वर धरणाचे दरवाजे उघडले तर पहाटेपर्यंत पाणी पुन्हा ४० वर जाऊ शकतं. पातळी एकदा खाली येणं वेगळं आणि खाली येऊन कायम खालीच राहणं वेगळं.

लिमिटची व्याख्या ह्या माणसाच्या प्रश्नावरच उभी आहे. L हा आकडा sin x सारख्या एखाद्या फलाची लिमिट आहे असा दावा मी केला, तर समोरच्याला मला आव्हान द्यायचा हक्क मिळतो. तो L च्या दोन्ही बाजूंना हवा तेवढा अरुंद पट्टा आखतो. मग मला x ची एक जागा दाखवावी लागते, जिच्या पुढच्या सगळ्या x साठी उत्तर त्या पट्ट्याच्या आतच राहील. आधी पट्टा, मग जागा. आणि तो कितीही अरुंद पट्टा घेऊन आला तरी मला तशी जागा दाखवता आली पाहिजे. एका रुंद पट्ट्यात बसवून दाखवलं म्हणजे काम झालं असं नाही.

ह्यात सगळा भार "पुढच्या सगळ्या" ह्या दोन शब्दांवर आहे. परीक्षेत पोरं व्याख्या घडाघडा लिहितात आणि नेमके हेच शब्द गाळतात.

## सायन पट्ट्यात का मावत नाही

आता भाचीच्या वतीनं म्हणू, sin x ची लिमिट L आहे. L कितीही असो, -०.९८ असो, शून्य असो, काहीही. मी पट्टा आखतो: L च्या वर अर्धा आणि L च्या खाली अर्धा. पट्ट्याची एकूण रुंदी एक.

तिनं पाहिजे ती जागा दाखवावी. कोटीच्या पुढे बघा म्हणू दे, अब्जाच्या पुढे म्हणू दे. पाळणा तर चालूच आहे. त्या जागेपासून पुढच्या एकाच फेऱ्यात खुर्ची एकदा टोकाला जाते आणि एकदा तळाला. म्हणजे तिथून पुढे कुठेतरी उत्तर १ आहे आणि कुठेतरी -१. ह्या दोन आकड्यांमधलं अंतर २. रुंदी एकच असलेल्या पट्ट्यात एकमेकांपासून दोन अंतरावरचे आकडे एकत्र बसणार कसे? म्हणजे L हरला. आणि L कुठला ते आपण ठरवलंच नव्हतं, त्यामुळे जगातला प्रत्येक L हरला. sin x ला लिमिट नाही, एवढी ही सिद्धता. ह्यात एकही अवघड सूत्र नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. लिमिट नसणं दर वेळी एकाच तऱ्हेचं नसतं. x स्वतः किंवा x चा वर्ग वाढतच जातो, हाताबाहेर जातो. सायन कुठेही पळून जात नाही, तो कायम -१ आणि १ च्या दरम्यान बांधलेला आहे. त्याला फक्त एका ठिकाणी बूड टेकून बसता येत नाही. हे बांधलेलं असणं पुढे कामाला येणार आहे.

## मग फोनवर पाच वेळा तोच आकडा कसा?

भाचीचा फोन DEG वर होता, म्हणजे x अंशांत. १००० अंश म्हणजे दोन पूर्ण फेरे, ७२० अंश, आणि वर उरले २८०. खुर्ची २८० अंशांच्या जागी, जवळजवळ तळाला. तिची उंची -०.९८४८.

आता x दहापट करा. पूर्ण फेरे दहापट केले तरी पूर्ण फेरेच राहतात, त्यांना विसरा. उरलेले २८० दहापट झाले, २८००. त्यात ३६० चे सात फेरे बसतात, २५२०, आणि उरतात परत २८०. म्हणून १०,००० अंशांवरही खुर्ची त्याच जागी. पुन्हा दहापट केलं तरी परत २८०. कोटी, अब्ज, एकावर पन्नास शून्यं, काहीही घ्या, दहाच्या पटीनं उड्या मारत गेलात तर पाळणा दर वेळी बरोबर त्याच जागी सापडतो. भाचीनं पाच वेळा डोळे उघडून बघितलं आणि पाचही वेळा योगायोगानं खुर्ची एकाच ठिकाणी होती. मधल्या काळात तिनं डोळे मिटले होते.

मी तिला म्हटलं, हजारच्या जागी दोन हजार घाल. आलं -०.३४. तीन हजारला ०.८७, चार हजारला ०.६४, पाच हजारला -०.६४. आठ हजारला ०.९८ आणि नऊ हजारला चक्क शून्य, कारण ९००० म्हणजे बरोबर पंचवीस फेरे. तिचा चेहरा पडला. मग मी ९०, ३६९०, ३६०९०, ३६००९० असे चार आकडे घालायला लावले. चारही वेळा उत्तर १.

"म्हणजे आता लिमिट एक?" तिनं डोळे बारीक करून विचारलं.

तरीही नाही. पण हीच चाचणी हातात ठेवायची. अनंताकडे जाणाऱ्या एका वाटेनं गेलं की -०.९८ येतंय, दुसऱ्या वाटेनं गेलं की १ येतंय. खरी लिमिट असती तर कुठल्याही वाटेनं गेलं तरी तीच आली असती. दोन वाटांनी दोन उत्तरं आली, की तिथंच निकाल लागला. ह्याच्या उलट मात्र चालत नाही. एका वाटेनं, किंवा पाच वाटांनी, एकच उत्तर आलं म्हणून लिमिट आहे असं सिद्ध होत नाही.

गणितात x सहसा अंशांत न घेता रेडियनमध्ये घेतात. त्या मापात एक पूर्ण फेरा सुमारे ६.२८ चा. फोन रेडियनवर टाकला असता तर हजारला ०.८३, दहा हजारला -०.३१, लाखाला ०.०४ असली विस्कळीत उत्तरं आली असती आणि हा घोळ झालाच नसता. पण मग रविवारची संध्याकाळही अशी गेली नसती.

## खाली x लावला की काय बदलतं

आता sin x / x. त्यासाठी गुळाकडे येऊ.

समजा एक काटा आहे. त्यावर गुळाचे कितीही रवे चढवले तरी एकूण वजनात जास्तीत जास्त एक किलोची चूक येते, कधी जास्त दाखवतो, कधी कमी. चूक नेमकी किती येईल ते सांगता येत नाही. दर वेळी आकडा वेगळा, काटा कधीच स्थिरावत नाही. पण एक किलोच्या बाहेर जात नाही.

दहा रवे चढवले आणि ती चूक दहा रव्यांवर वाटली, तर दर रव्यामागे फार तर १०० ग्रॅम. हजार रव्यांवर वाटली तर एक ग्रॅम. लाख रवे असतील तर ग्रॅमचा शंभरावा भाग, ज्याची फिकीर अडत्याही करणार नाही आणि शेतकरीही करणार नाही. एकूण चूक अजूनही तशीच वरखाली नाचतेय. पण वाटेकरी एवढे झालेत, की प्रत्येकाच्या वाट्याला काही उरतच नाही.

sin x म्हणजे ती एकूण चूक, कायम -१ आणि १ च्या दरम्यान. x म्हणजे रव्यांची संख्या. म्हणून sin x / x कायम -1/x आणि 1/x च्या दरम्यान सापडतो. वरची मर्यादा शून्याकडे उतरतेय, खालची शून्याकडे चढतेय, मधल्याला जायला दुसरी जागाच नाही. वर्गात ह्याला सँडविच थिअरम म्हणतात. नाव मजेशीर असलं तरी काम चोख आहे.

आव्हानाची भाषा इथेही लावून बघू. लिमिट शून्य आहे असा दावा. समोरच्यानं शून्याच्या दोन्ही बाजूंना एक शतांशाचा पट्टा आखला. मी म्हणतो, x शंभराच्या पुढे जाऊ दे. तिथून पुढे 1/x नेहमी एक शतांशापेक्षा लहान, म्हणून sin x / x कधीच पट्ट्याबाहेर जाणार नाही. त्यानं एक लक्षांशाचा पट्टा आणला, मी म्हणतो लाखाच्या पुढे. तो जो पट्टा आणेल त्याचा व्यस्त करून मी जागा सांगतो, दर वेळी. शंभराच्या आधीही उत्तर पट्ट्यात बसत असेल, पण ती जागा अगदी नेमकी शोधून द्यायची सक्ती कुणी केलेली नाही. एखादी जागा असली की पुरे.

## "पण ते तर शून्याला सारखं शिवतंय!"

ही शंका वर्गात हमखास येते. लिमिट म्हणजे जवळ जवळ जायचं पण पोचायचं नाही, असं पोरांच्या डोक्यात कुणीतरी भरवून ठेवलेलं असतं. sin x / x तर दर १८० अंशांनी शून्यावर पोचतो, ओलांडून खाली जातो, परत वर येतो. मग शून्य ही त्याची लिमिट कशी?

पुन्हा व्याख्या वाचा. पोचू नये असं तिच्यात कुठेच लिहिलेलं नाही. पट्ट्याच्या आत राहा, एवढीच अट. आत राहून तुम्ही मधली रेघ कितीदा ओलांडता ह्याच्याशी आव्हान देणाऱ्याला देणंघेणं नाही. पाणी ३९ फुटांच्या आत कायम राहिलं, मग ते आतल्या आत वीतभर चढलं काय आणि उतरलं काय, घरी परतायला हरकत नाही.

## "सायनची सरासरी शून्य आहे, मग लिमिट शून्य का नको?"

जितका वेळ खुर्ची वर, तितकाच वेळ खाली, म्हणून सरासरी उंची शून्य. बरोबर आहे. पण सरासरी काढणं हा वेगळा प्रश्न आहे. खुर्चीतल्या माणसाला विचारा, तू शेवटी आसाच्या बरोबरीला येऊन थांबलास का? तो नाहीच म्हणेल, आणि पोटात ढवळत असेल तर जरा जोरात म्हणेल.

गंमत अशी, की सरासरी शून्याकडे जाण्याचं कारण sin x / x चंच आहे. पूर्ण फेऱ्यांतली वरची आणि खालची बेरीज एकमेकांना खाऊन टाकते. उरतो तो शेवटचा अर्धवट फेरा. रेडियनमध्ये मोजलं तर त्या उरलेल्याची बेरीज 1 - cos x इतकी येते, म्हणजे शून्य आणि दोनच्या दरम्यान कुठेतरी. तिला x नं भागलं की सरासरी. वर बांधलेला आकडा, खाली वाढता आकडा. तोच गूळ, तोच काटा.

## गुणाकाराचा नियम आणि लॉपिताल

हुशार पोरं इथे दोन आडवाटांनी शिरतात.

एक म्हणतो, sin x / x म्हणजे sin x गुणिले 1/x. दुसऱ्याची लिमिट शून्य, आणि शून्यानं कशालाही गुणलं तरी शून्य. उत्तर बरोबर येतं, वाट चुकीची. लिमिटच्या गुणाकाराचा नियम दोन्ही लिमिट अस्तित्वात असतील तरच लागू होतो, आणि सायनची तर नाहीच. ही वाट खरी मानली तर (x sin x) गुणिले 1/x सुद्धा शून्याकडे जायला हवं. पण x कापला की उरतो नुसता sin x, ज्याला लिमिटच नाही. शून्याचा डाव हमखास तेव्हाच चालतो, जेव्हा दुसरा आकडा बांधलेला असतो. x sin x बांधलेला नाही, त्याचे झोके x बरोबर मोठे मोठे होत जातात.

दुसरा लॉपितालचा नियम लावतो. वरच्याचं आणि खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घेतो, मिळतं cos x / 1, आणि cos x ला लिमिट नाही म्हणून sin x / x लाही नाही असं लिहून मोकळा होतो. हे मार्क घालवणारं आहे. नियम असा आहे, की नव्या अपूर्णांकाची लिमिट असेल तर जुन्याचीही तीच असते. नसेल तर नियम काहीच सांगत नाही. त्यानं हात वर केले, एवढंच.

आणि एक जुना घोळ. sin x / x ची लिमिट १ असते हे पोरांना पाठ असतं, ती x शून्याकडे जाताना, आणि तीही x रेडियनमध्ये असेल तर. अंशांत घेतलं तर तिथं १ ऐवजी सुमारे ०.०१७ येतं. अनंताकडे मात्र अंश घ्या की रेडियन, उत्तर शून्यच, कारण 1/x ला त्याचं काही नाही.

## "मग खाली कायपण चालेल?"

भेळ संपत आली तेव्हा भाचीनं हे विचारलं. बऱ्यापैकी कायपण, मी म्हटलं. खालचा आकडा हद्दीशिवाय वाढत गेला पाहिजे, बस. x चं वर्गमूळ घेतलं तर शतांशाच्या पट्ट्यासाठी शंभरऐवजी दहा हजारापर्यंत थांबावं लागेल. कामं उशिरा होतील, पण होतील.

तिनं लगेच फार सावकाश वाढणारं काढलं, दहाच्या पायाचा लॉग. कोटीचा लॉग फक्त सात. तिनं टाइप केलं:

```
sin(10000000)/log(10000000) = -0.140686822
```

"हे कुठं शून्याला चाललंय? कोटीला पण अजून पॉइंट चौदा."

चाललंय. शतांशाच्या आत कायमचं आलं अशी हमी द्यायची तर लॉग शंभराच्या पुढे जायला हवा, म्हणजे x एकावर शंभर शून्यांच्या पुढे. दप्तरातल्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरची धाव साधारण त्याच्या एक पाऊल अलीकडेच संपते, पुढे तो नुसता एरर दाखवतो. तिनं तरीही फोनवर १ लिहून शून्यं दाबायला सुरुवात केली. चाळीसेक शून्यांनंतर कंटाळली आणि म्हणाली, "मामा, आता आइस्क्रीम."